बदाम : कवच कोणाचे, बी कोणाची?

पेडणे तालुक्यातील एका वाचक भगिनीने आमच्याकडे एक प्रश्न धाडला आहे. वरवर पाहता तो शाळकरी वाटेल. परंतु त्याच्या पोटात तीन निरनिराळे प्रश्न आहेत, आणि त्यांतील एक घरातल्या लहान मुलांच्या खाण्याशी निगडित आहे. त्या लिहितात की, त्यांच्या सासूबाई नातवासाठी सहाणेवर बदाम उगाळीत असताना एक बदाम कडू लागला, म्हणून त्यांनी तो टाकून दिला. दुकानदारास विचारता तो म्हणाला, ''बदाम हा 'नट' आहे, एखादा खवट निघायचाच.'' शाळेत जाणारा थोरला मुलगा म्हणतो की, बदाम हा 'नट' नव्हेच, आंब्याच्या कोयीत असते तशी ती बी आहे. आणि दारात जे मोठे झाड उभे आहे, त्यालाही सारा वाडा बदामच म्हणतो. त्याच्या बिया मुले दगडाने फोडून खातात. तेव्हा यांतला खरा बदाम कोणता आणि खरे म्हणणे कोणाचे?

मुलाचे म्हणणे खरे आहे, हे आरंभीच सांगून टाकतो. परंतु केवळ निकाल सांगून भागणार नाही. कारण सासूबाईंनी तो बदाम टाकला हे योग्य का झाले, याचे उत्तरही त्या निकालातच दडलेले आहे.

प्रथम शब्दाविषयी. 'नट' या इंग्रजी शब्दाला आपल्या बोलण्यात घरगुती असा प्रतिशब्द नाही. आपण सुकामेवा म्हणतो, पण त्यात मनुका आणि खारीकही येतात. बाजारातला 'नट' म्हणजे कठीण टरफलातून काढलेला कोणताही तेलकट, खाण्याजोगा गर. बदाम, काजू, अक्रोड, पिस्ते, इतकेच काय भुईमूगही. वनस्पतिशास्त्रातला 'नट' मात्र फार नेमका आहे. त्यास आपण येथे 'कवचफळ' म्हणू. आणि ज्याच्या पोटात दगडासारखी कोय असते, त्या आंब्याच्या जातीच्या फळांना शास्त्रीय मराठीत 'अश्मगर्भी फळ' असा सुंदर शब्द आहे, तोच वापरू.

या दोहोंतील भेद ओळखण्याची किल्ली एका प्रश्नात आहे : हाती जे कठीण कवच आहे, ते कोणाचे? फुलातील अंडाशय वाढून फळ होते आणि अंडाशयाची जी भिंत, ती फळाची भिंत बनते. तिच्या आत बी असते आणि बीला तिची स्वतःची निराळी साल असते. खऱ्या कवचफळात फळाची ही भिंत सबंधच्या सबंध वाळून लाकडासारखी होते. तिच्यात मांसल भाग उरत नाही आणि पिकल्यावरही ती आपण होऊन उकलत नाही. हिमालयातील ओक वृक्षाचे फळ किंवा हल्ली चॉकलेटात घालतात ते हेझलनट, ही याची खरी उदाहरणे. ओकच्या फळाखाली जी वाटी दिसते आणि हेझलनटभोवती जो हिरवा झालरीसारखा पाला असतो, ते फळाचे भाग नव्हेत. फळ म्हणजे ते टणक कवच आणि आतली बी, एवढेच.

अश्मगर्भी फळात फळाच्या भिंतीचे तीन थर निरनिराळी कामे वाटून घेतात. बाहेरचा थर साल होतो, मधला मांसल किंवा तंतुमय होतो आणि सर्वांत आतला तेवढा दगड बनून बीभोवती पेटीसारखा बसतो. आपल्या मानकुराद आंब्यात हे तिन्ही थर लख्ख दिसतात. साल हा पहिला, आपण खातो तो रस दुसरा आणि कोयीचे लाकडी कवच हा तिसरा. ती कोय वाळवून फोडली की आत कागदासारख्या पातळ सालीत गुंडाळलेली बी सापडते. ती पातळ साल बीची. बाहेरचे लाकूड फळाचे. हे एकदा ध्यानी आले की पुढचे सर्व सोपे आहे.

आता बदाम घेऊ. गोव्यात बदामाची झाडे फळत नाहीत. त्यांस थंडीचा कडाका लागतो आणि फळ धरताना कोरडी हवा लागते. म्हणून आपल्याकडे काश्मीर आणि हिमाचलाच्या उंच भागातच ती होतात, आणि जगातील बहुतेक बदाम अमेरिकेतील कॅलिफोर्नियातून येतो. त्यामुळे आपण बदाम पाहतो तो दुकानात, सोललेला. परंतु पूजेच्या विड्यावर ठेवण्यासाठी आणलेला कवचासकट बदाम बहुतेक घरी असतो. तो हाती घेऊन पाहावा. त्याचे कवच फिकट, लाकडी आणि बारीक छिद्रांनी भरलेले असते. पण फळ म्हणून पाहिले तर ते आधीच सोललेले आहे! झाडावर असताना या कवचाभोवती करड्या-हिरव्या रंगाचे, मखमली लव असलेले जाड आवरण होते. ते कोवळे असताना सबंध फळ आतल्या मऊ गरासह मीठ लावून खाण्याची चाल इराण-तुर्कस्थानात आहे. फळ पक्व होऊ लागले म्हणजे हे आवरण रसाळ होण्याऐवजी चामड्यासारखे वाळते, एका शिवणीवर उकलते आणि आतली कोय मोकळी होते. बागाईतदार आवरण काढून कोय तेवढी बाजारात धाडतो.

म्हणजे हिशोब असा जुळतो. मखमली आवरण हे फळाच्या भिंतीचे बाहेरचे दोन थर. छिद्रांचे लाकडी कवच हा तिसरा थर, म्हणजेच कोय. आणि रात्री भिजत घालून सकाळी आपण जी तपकिरी साल चिमटीने काढतो, ती बीची स्वतःची साल. तिच्या आत शुभ्र डाळीसारखे जे दोन भाग असतात, ती बीची दले. अंकुराला पुरवायची शिदोरी. आपण खातो ती शुद्ध बी. खाण्याच्या बदामात फळाचा अंशही नसतो.

हे पटण्यास आणखी दोन खुणा सांगतो. कधी कधी एका कवचातून दोन बदाम निघतात. दोघेही एका बाजूने चपटे, एकमेकांस चिकटून बसलेले. मुलांना त्याची मोठी गंमत वाटते. याचे कारण असे की बदामाच्या फुलात अंडाशयाची एकच खोली असते आणि तीत दोन बीजांडे असतात. सामान्यतः त्यांतले एकच वाढते. दोन्ही वाढली की हा जुळा बदाम होतो. एक खोली, एक शिवण आणि दोन बीजांडे ही बदामाच्या सर्व सग्यासोयऱ्यांची, म्हणजे पीच, जर्दाळू, आलुबुखार, चेरी यांचीही खूण आहे. ही सारी गुलाबाच्या कुळातील एकाच वंशाची भावंडे आहेत.

दुसरी खूण म्हणजे वाळका जर्दाळू. बियांसकट जर्दाळू आणला की मुले गोड भाग खाऊन आतली गुळगुळीत बी फोडतात आणि तीतून निघतो तो हुबेहूब छोटा बदाम! जर्दाळू आणि बदाम यांची घडण एकच. फक्त जर्दाळूने मधला थर गोड केला आणि बदामाने तो वाळविला. एकाचे आपण मांस खातो, दुसऱ्याची बी खातो. जर्दाळूला कोणी 'नट' म्हणत नाही, तेव्हा बदामासही शास्त्राच्या दृष्टीने तसे म्हणता येत नाही.

आता त्या दारातल्या झाडाकडे वळू. पेडणे-डिचोलीच काय, सबंध कोकणपट्टीत ज्यास देशी बदाम किंवा जंगली बदाम म्हणतात, ते आडव्या मजल्यामजल्यांनी फांद्या पसरणारे, पाने गळण्यापूर्वी तांबडीलाल होणारे झाड अगदी वेगळ्या कुळातले आहे. त्याचे सोयरे म्हणजे आपल्या रानातील हिरडा, बेहडा, अर्जुन आणि ऐन. त्याच्या बीची चव व घाट बदामासारखा वाटला, एवढ्यावरून लोकांनी त्यास ते नाव दिले. पोर्तुगीज भाषेतही त्याला बदामाच्याच नावाने ओळखतात.

मौजेची गोष्ट अशी की, नात्याने दूर असूनही हेही फळ अश्मगर्भीच आहे. बाहेर पातळ साल, तिच्याखाली आंबटगोड विरळ मगज, मग बुचासारखे तंतुमय जाड वेष्टन आणि अखेरीस टणक कोय. वटवाघळे वरचा मगज खाऊन कोय टाकतात, आणि बुचासारख्या वेष्टनामुळे ती खाऱ्या पाण्यावर तरंगत दूरदूरच्या किनाऱ्यांस लागते. म्हणूनच हे झाड समुद्रकाठी इतके दिसते. तरीही दोन्ही बदाम एक नव्हेत याचा पुरावा मुलांना घरीच पाहता येईल. खरा बदाम भिजवून सोलला की त्याची दोन सपाट दले सरळ वेगळी होतात. देशी बदामाची बी आडवी कापून पाहिली तर तिची दले एकमेकांत गुंडाळलेली, पानाच्या सुरळीसारखी दिसतात. नाव एक, फळाचा प्रकारही एक. परंतु बी उघडताच कूळ निराळे ठरते.

आणि काजू? गोव्यात राहून बदामाचा विचार करावा आणि डोंगरावरच्या काजूस वगळावे, हे होणे नाही. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणलेले हे झाड पेडणे, डिचोली, सत्तरीच्या उतारांवर असे काही रुजले की ते परके होते याची आठवणही राहिली नाही. येथे तर फळाचा हिशोब उलटाच दिसतो. जो रसाळ बोंडू आपण फळ समजतो, ज्याच्या रसापासून हुर्राक आणि फेणी होते, ते फळच नव्हे. तो फुलाचा फुगलेला देठ आहे. खरे फळ म्हणजे त्याच्या टोकाला लोंबणारी ती करडी, मूत्रपिंडाच्या आकाराची वस्तू. आपण तिला 'काजूबी' म्हणतो. वस्तुतः ती सबंध फळ आहे आणि बी तिच्या आत आहे.

'कवच कोणाचे' हा आपला प्रश्न काजूला लावण्यास काजूच्या कारखान्याइतकी चांगली शाळा नाही. कारण तेथे एकेक आवरण क्रमाने उतरविले जाते. उन्हात चांगली वाळविलेली काजूबी प्रथम वाफेवर शिजवितात किंवा भाजतात. त्याने कवच ठिसूळ होते. मग हातापायाने चालणाऱ्या छोट्या यंत्रावर एकेक बी धरून कवच उकलतात. हे कवच म्हणजे फळाची भिंत. तिचा बाहेरचा थर चिवट चामड्यासारखा असतो, मधला मधाच्या पोळ्यासारखा पोकळ्यांचा आणि आतला कठीण. आतून जो गर निघतो त्यावर तांबूस पातळ साल चिकटलेली असते. ती बीची साल. ती सुटावी म्हणून गर मंद आचेच्या कपाटात कित्येक तास सुकवितात आणि मग चिमटीने किंवा सुरीने ती खरवडून काढतात. बदामाची साल काढण्यास पाणी, काजूची काढण्यास कोरडी आच. पण साल तीच, बीची. एक किलो काजूबीतून अखेर सुमारे पाव किलो गर हाती येतो; उरलेले बहुतांशी फळाचे कवच.

मधल्या थराच्या त्या पोकळ्यांत जे काळे, झोंबरे तेल असते, त्याने हात सोलतात हे आपल्याकडच्या बायकांना सांगावयास नको. कोवळ्या काजूचे बिबे सोलताना हातास खोबरेल किंवा राख लावण्याची चाल त्यासाठीच. हे तेल बिबव्याच्या तेलाच्या जातीचे आहे, आणि आंब्याच्या देठाशी निघणारा चीकही त्याच घराण्यातला. कारण आंबा, काजू आणि बिबवा ही एकाच कुळातील झाडे. विष येथे फळाच्या भिंतीत आहे, बीमध्ये नाही. भिंत दूर केली की आतला गर निर्धोक.

मग काजू हे अश्मगर्भी फळ, की कवचफळ? येथे शास्त्रज्ञांचेही एकमत नाही. आंब्याशी असलेले नाते आणि भिंतीचे तीन थर पाहून अनेक जण त्यास अश्मगर्भी म्हणतात. मधला थर मांसल नाही आणि फळ आपण होऊन उकलत नाही, म्हणून कित्येक पाठ्यपुस्तके त्यास कवचफळात घालतात. निसर्ग आपल्या पेट्या आमच्या शब्दांच्या मापाने बनवीत नाही, हे यावरून दिसेल. बदामाच्या बाबतीत मात्र असा वाद नाही. एक खोली, शिवण, मखमली आवरण आणि कोय. सर्व साक्षी एका बाजूच्या आहेत.

आता मूळ पत्रातील खऱ्या चिंतेकडे येऊ. बदाम कडू का लागला? दुकानदार म्हणाला तसा तो खवट असता, तर दोष साठवणीचा होता. गरातले तेल हवेने व उष्णतेने बिघडले की बदाम खवट होतो. त्यास जुन्या तेलाचा वास येतो आणि तो घशाशी खरखरतो. कडूपणाची गोष्ट निराळी. कडू बदाम दिसण्यात ताजा व निकोप असतो. परंतु चावताच जिभेवर तीव्र, झटकन चढणारी कडू चव येते आणि केकमध्ये घालतात त्या बदामी इसेन्ससारखा भपकाही येतो. असा बदाम बिघडलेला नसतो. तो आपल्या कुळाच्या स्वभावास धरून असतो.

हे अश्मगर्भी भाऊबंद, म्हणजे जर्दाळू, पीच, चेरी आणि रानटी बदाम, आपल्या बीमध्ये एक कडू द्रव्य साठवितात. बी अखंड असेपर्यंत ते निरुपद्रवी असते. त्याचे विघटन करणारे किण्वद्रव्य बीमध्येच, पण वेगळ्या कप्प्यात ठेवलेले असते. बी चिरडली आणि तीस ओल लागली की दोन्ही एकत्र येतात, आणि त्यातून तो बदामी वास व त्याबरोबर हायड्रोजन सायनाइड हे जहाल विष सुटते. कोय फोडून बी खाणाऱ्या प्राण्यास धडा मिळावा, ही झाडाची योजना. आता हे लक्षात घ्या की, सहाणेवर पाणी किंवा दूध घालून बी उगाळणे म्हणजे नेमकी हीच क्रिया. सासूबाईंनी कडू लागलेला बदाम टाकला, तो त्यांनी शास्त्र न वाचताही योग्यच टाकला.

गोड बदाम हा माणसाने निवडून जोपासलेला अपवाद आहे. २०१९ साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले की, बदामातील एका नियंत्रक जनुकात झालेल्या छोट्याशा बदलामुळे ते कडू द्रव्य बनविणारी यंत्रणाच चालू होत नाही. हा कडूगोडपणा बीच्या नव्हे, तर तिच्या मातृवृक्षाच्या जनुकांवर ठरतो. म्हणून कडू झाडाचे सारेच बदाम कडू आणि गोड झाडाचे सारेच गोड. कलमांनी लावलेल्या बागांत त्यामुळे कडू बदाम क्वचितच निघतो. बियांपासून वाढविलेल्या जुन्या बागांच्या मालात मात्र एखाद्या कडू झाडाचे दाणे मिसळतात.

कडू बदाम खाण्यास नालायक, हे लोकांना फार पूर्वीपासून ठाऊक होते, याचा एक विलक्षण पुरावा आहे. सतराव्या शतकात हिंदुस्थानात आलेला ताव्हेर्निये हा फ्रेंच व्यापारी लिहितो की, गुजरातेत इराणहून आणलेले कडू बदाम सुट्ट्या नाण्यासारखे चालत. एका पैशाला सुमारे ३५-४० मिळत. ते इतके कडू असत की मुले ते खातील ही भीती नव्हती! गोड बदामाचे चलन कोणत्या घरात संध्याकाळपर्यंत टिकले असते?

प्रमाणाविषयी मात्र भय आणि बेफिकिरी दोन्ही नकोत. मोठ्या माणसाच्या तोंडी मूठभर बदामांत एखादा कडू आला तर शरीर तेवढे विष निभावून नेते. थुंकून चूळ भरावी, एवढे पुरे. मुलांचे मात्र तसे नाही. थोड्याशा, म्हणजे पाच-दहा कडू बदामांनीही लहान मुलाच्या जिवास धोका होऊ शकतो असे वैद्यकीय ग्रंथ सांगतात. जर्दाळूच्या बियांविषयी युरोपातील अन्नसुरक्षा संस्थेने २०१६ साली दिलेला इशारा असा की, कच्च्या बियांपैकी तीन लहान बियांहून अधिक मोठ्या माणसानेही एका वेळी खाऊ नयेत, आणि अगदी लहान मुलांना तर एक लहान बीदेखील मर्यादा ओलांडणारी ठरू शकते. लडाखकडच्या काही जर्दाळूंच्या बिया गोड असतात हे खरे. पण बाहेरून पाहून गोड-कडू कळत नाही.

यावरून घरात पाळावयाचे नियम फार थोडे आहेत. मुलांना देण्यासाठी किंवा वाटण्यासाठी बदाम घेतले की प्रत्येकाचा कणभर तुकडा मोठ्या माणसाने चाखावा. कडू निघाला तर तो दाणा टाकावा, साखर किंवा दूध घालून खपवू नये. भिजविल्याने अथवा उन्हात वाळविल्याने विष जाईल यावर विसंबू नये. स्वस्त 'बदाम' म्हणून सुटे आखूड, रुंद, हृदयाच्या आकाराचे दाणे मिळाले तर ते जर्दाळूच्या बिया असण्याचा संभव धरावा. बदाम त्याहून लांबट असतो. मुलाने अनेक कडू बिया खाल्ल्या असतील आणि त्यास ओकारी, चक्कर, डोकेदुखी किंवा धाप सुरू झाली तर घरगुती उपायांत वेळ न दवडता थेट रुग्णालय गाठावे. हे विष मिनिटांच्या हिशोबाने काम करते. उरलेल्या बिया बरोबर न्याव्यात, म्हणजे डॉक्टरांना निदान सोपे जाते. सहा महिन्यांच्या आतील तान्ह्या मुलास आईच्या दुधाखेरीज काहीच देऊ नये, असे आजचे डॉक्टर सांगतात. तेव्हा बदामाची सहाण त्यानंतरच काढावी.

एक शंका उरते. बदाम जर 'नट' नव्हे, तर ज्यास डॉक्टरांनी 'नट' वर्ज्य करावयास सांगितले आहे त्याने तो खावा काय? मुळीच नाही! काही जणांना बदाम, काजू, अक्रोड यांची वावडी असते; अंगावर पित्त उठते, ओठ सुजतात, प्रसंगी श्वास कोंडतो. हे शरीर बीमधील विशिष्ट प्रथिनांवर चिडते. त्या बीभोवतीचे कवच फळाच्या कोणत्या थराचे होते याची ते चौकशी करीत नाही. आपल्याकडील २०२० च्या नियमांनुसार खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर असे 'नट' वेगळे नमूद करावे लागतात, आणि तेथे 'नट' या शब्दाचा अर्थ बाजारचा आहे, वनस्पतिशास्त्राचा नव्हे. भुईमूग तर शेंगेतला दाणा, द्विदल धान्यांचा भाऊ. तरी त्याचे वावडे सर्वांत उग्र असू शकते, म्हणून त्याचे नाव त्या यादीत स्वतंत्र आहे. उलट नारळ हेही अश्मगर्भी फळच. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२५ च्या जानेवारीत त्यास आपल्या 'नट'च्या यादीतून वगळले, पण बदाम तेथे कायम राहिला. अशा याद्या रुग्णांच्या अनुभवावरून बनतात आणि पथ्य पाळताना त्यांचाच शब्द मानावा.

तेव्हा आमच्या वाचक भगिनीस आमचे उत्तर असे. आपला मुलगा बरोबर आहे : बदाम ही अश्मगर्भी फळाच्या कोयीतली बी आहे. दुकानदार बाजाराच्या बोलीत बोलला, तेथवर त्यालाही दोष देता येत नाही. परंतु कडू बदाम 'नट' म्हणून खवट निघाला, हे त्याचे निदान चुकले. तो कडू निघाला, कारण तो जर्दाळूचा भाऊ आहे. दारातले झाड हिरड्याच्या घराण्यातले. त्याच्या बिया मुलांनी फोडून खाल्ल्या तर चिंता नाही, फक्त दगडाखाली बोट येऊ देऊ नये. आणि सासूबाईंना आमचा नमस्कार सांगावा. दाणा चाखून मगच उगाळण्याची त्यांची सवय सुनेने आणि पुढे नातसुनेनेही सोडू नये.